रोज एक टक्का?

जळगाव-धुळ्यातल्या कापूस उत्पादकाच्या मोबाइलवरही ‘शेअर बाजारात रोज एक टक्का नफा’ असा मेसेज येऊन धडकतो. हिशेब मांडला, तर या दराने दहा हजारांचे वर्षाच्या अडीचशे सत्रांत सव्वा लाखाच्या आसपास होतील. असं खात्रीचं यंत्र हाती असणारा फी कशाला मागेल?

‘बाप ऑफ चार्ट’ हे यूट्यूब चॅनल चालवणाऱ्या नसिरुद्दीन अन्सारीवर ऑक्टोबर 2023 मध्ये सेबीने कारवाई केली. नोंदणी नसताना त्याने शिकवणीच्या नावाखाली सल्ले विकून सुमारे 17 कोटी गोळा केले, असं सेबीला आढळलं. लोकांना नफा दाखवणाऱ्या या गुरुजींचा स्वतःचा तोटा अडीच वर्षांत जवळपास तीन कोटींचा!

सल्लागाराचा नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. नोंदणीकृत सल्लागारालाही परताव्याची हमी देता येत नाही.