टायरमधली हवा आणि रेणूंचा वेग

धारणीहून हरिसाल, सेमाडोहमार्गे परतवाड्याला जाणाऱ्या गाडीचे सगळे वजन चार टायरांमधल्या हवेवर पेललेले असते. ही हवा डोळ्यांना दिसत नाही आणि चारही टायरांतली मिळून तिचे वजन फार तर एकदोन किलोच्या घरात असते. तरीही ती टनभर वजनाची गाडी उचलून धरते, कारण तिचे रेणू क्षणभरही स्वस्थ नसतात. ते सर्व दिशांना धावतात, एकमेकांवर आपटून वाट बदलतात आणि टायरच्या आतल्या पृष्ठावर आदळून माघारी फिरतात. एका रेणूची धडक मोजण्याइतकीही नसते. पण बाहेरच्या साध्या हवेतसुद्धा एका घन सेंटिमीटरमध्ये सुमारे २५ अब्ज अब्ज रेणू असतात आणि टायरमध्ये त्यांची दाटी याच्या तिप्पट असते. एवढ्या धडका एकामागून एक बसत राहिल्या की त्या सुट्या जाणवत नाहीत, सलग रेटा जाणवतो. वायूचा दाब म्हणतात तो हाच.

हा रेटा रेणूंच्या वेगावर कसा अवलंबून असतो, हे एकाच रेणूवरून काढता येते. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये एक रेणू ये-जा करतो आहे असे धरू. भिंतीवर आदळून तो त्याच वेगाने उलट फिरतो. त्याचा वेग दुप्पट केला तर दोन गोष्टी एकाच वेळी बदलतात. प्रत्येक धडक दुप्पट जोराची होते, आणि पलीकडची भिंत गाठून परतायला निम्मा वेळ लागत असल्यामुळे धडकांची संख्याही दुप्पट होते. दोन्हींचा मिळून परिणाम चौपट. म्हणजे दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. या विषयातली बाकीची जवळजवळ सगळी मांडणी एवढ्या एका गोष्टीतून निघते.

रेणू अर्थातच दोनच भिंतींमध्ये धावत नाहीत. पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे आणि वर-खाली अशा तीन दिशांत त्यांची गती सारखी वाटली जाते, म्हणून कोणत्याही एका भिंतीच्या वाट्याला वेगाच्या वर्गाचा तिसरा हिस्सा येतो. सूत्र असे होते: दाब म्हणजे वायूची घनता गुणिले वेगाच्या वर्गाची सरासरी, भागिले तीन.

इथे सरासरी वेगाची नसून वेगाच्या वर्गाची आहे, हे महत्त्वाचे. एकाच टायरमधले रेणू सारख्या वेगाने धावत नसतात. समजा पाच रेणूंचे वेग सेकंदाला २००, ४००, ५००, ६०० आणि ८०० मीटर आहेत. त्यांची साधी सरासरी ५०० येते. पण प्रत्येक वेगाचा वर्ग करून, त्या वर्गांची सरासरी काढून, तिचे वर्गमूळ घेतले तर उत्तर सुमारे ५३९ येते. याला वर्गमाध्यमूळ वेग म्हणतात. तो साध्या सरासरीपेक्षा जास्त भरतो, कारण वर्ग करताना वेगवान रेणूंना जास्त वजन मिळते. दाबाच्या बाबतीत हे योग्यच आहे, कारण भिंतीवर जास्त रेटा त्यांचाच असतो.

या सूत्रामुळे न दिसणाऱ्या रेणूंचा वेग साध्या मोजमापांतून हाती येतो. शून्य अंश सेल्सियसला समुद्रसपाटीवरची एक घनमीटर हवा सुमारे १.२९ किलो भरते आणि तिचा दाब एका चौरस मीटरवर सुमारे १,०१,३०० न्यूटन असतो. दाबाची तिप्पट करून तिला घनतेने भागले आणि वर्गमूळ काढले की सेकंदाला सुमारे ४८५ मीटर हा वेग मिळतो. तराजू आणि वायुभारमापक यांच्यापलीकडे काहीही लागत नाही.

आता तापमान. वायू तापला म्हणजे त्याच्या रेणूंची गतिज ऊर्जा वाढली. केल्विनमध्ये मोजलेले तापमान रेणूच्या सरासरी गतिज ऊर्जेच्या थेट प्रमाणात असते, आणि गतिज ऊर्जेतही वेगाचा वर्गच येतो. त्यामुळे जागा तेवढीच राहिली तर दाब आणि केल्विन तापमान एकाच प्रमाणात वाढतात. केल्विन काढण्यासाठी सेल्सियसमध्ये २७३ मिळवायचे. हे मिळवायला विसरले की गणित कोलमडते, आणि ते टायरच्याच उदाहरणात चांगले दिसते.

मे महिन्यात धारणीला सकाळी २७ अंश असताना टायरमध्ये गेजवर ३२ पौंड हवा भरली. गाडी घाट उतरून दुपारी परतवाड्याला पोहोचली. वाटेत रबर सतत दबून आणि सुटून तापले, वरून ऊन आणि खालून डांबर होतेच. तापलेल्या रबराचे रेणू जोरात थरथरत असतात. हवेचा जो रेणू त्यांच्यावर आदळतो, तो आला त्याहून सरासरीने अधिक वेगाने परत फिरतो. अशा असंख्य धडकांनंतर आतली हवा ६७ अंशांना आली असे धरू. ६७ हे २७ च्या अडीचपट, म्हणून दाबही अडीचपट, असे कोणी म्हटले तर उत्तर ८० पौंडांच्या आसपास येईल. तसे झाले असते तर उन्हाळ्यात घाटात एकही टायर टिकला नसता.

खरा हिशेब करताना दोन दुरुस्त्या लागतात. २७ आणि ६७ अंश म्हणजे ३०० आणि ३४० केल्विन, म्हणजे वाढ सुमारे १३ टक्क्यांची. दुसरे असे की गेज बाहेरच्या हवेपेक्षा आत किती जास्त दाब आहे तेवढेच दाखवतो. धारणीच्या उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब एका चौरस इंचावर सुमारे १४ पौंड धरला, तर टायरमधला खरा दाब ३२ नसून ४६ होतो. रेणूंच्या धडकांचा हिशेब या ४६ वर करायचा. त्यात १३ टक्के वाढ झाली की ५२ होतात, आणि १४ वजा केले की गेजवर ३८ दिसतात. टायर फारसा फुगत नाही असे यात गृहीत धरले आहे, आणि तारांनी बांधलेल्या टायरला ते बऱ्याच अंशी लागू पडते.

रेणूंच्या बाजूने पाहिले तर ३०० केल्विनला नायट्रोजनच्या रेणूंचा वर्गमाध्यमूळ वेग सेकंदाला सुमारे ५१७ मीटर असतो आणि ३४० केल्विनला तो ५५० होतो. वाढ साडेसहा टक्क्यांचीच आहे. पण धडका साडेसहा टक्क्यांनी जोरदार झाल्या आणि साडेसहा टक्क्यांनी वारंवारही झाल्या, म्हणून दाब १३ टक्क्यांनी चढला.

गेजवरचे ३८ पाहून घाबरलेला चालक तापलेल्या टायरमधली हवा सोडतो आणि काटा पुन्हा ३२ वर आणतो. नुकसान तेव्हा दिसत नाही. रात्रभरात टायर २७ अंशांवर आला की उलटा हिशेब लागू होतो. खरा दाब ४६ वरून सुमारे ४०.६ वर येतो आणि सकाळी गेजवर जेमतेम २७ पौंड भरतात. कमी हवेचा टायर चालताना जास्त दबतो, त्याच्या बाजूच्या भिंती जास्त वाकतात आणि तो आणखी तापतो. टायरवर लिहिलेला दाब थंड टायरसाठी असतो, त्यात गाडी चालल्यावर होणारी वाढ धरलेली असते.

पेट्रोल पंपांवर नायट्रोजन भरून देताना तापल्यावर त्याचा दाब वाढत नाही असे सांगितले जाते. ते चूक आहे. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. ऑक्सिजनचा रेणू त्याहून जड असल्यामुळे ३०० केल्विनला सुमारे ४८४ मीटरच्या वेगाने धावतो, पण एका तापमानाला दोघांची सरासरी गतिज ऊर्जा सारखीच असते आणि दाब त्या ऊर्जेवर ठरतो. वायू कोणताही असो, ३०० चे ३४० केल्विन झाले की दाब १३ टक्क्यांनीच वाढतो. फरक पडतो तो पाण्यामुळे. कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी हवेबरोबर टायरमध्ये गेले, तर तापल्यावर त्याची वाफ होते आणि ६७ अंशांपर्यंत ती तीन-साडेतीन पौंडांची भर घालू शकते. कोरड्या नायट्रोजनमध्ये ही भर नसते. पण कोरडी केलेली साधी हवाही तेच काम करते.

एका तापमानाला सर्व वायूंच्या रेणूंची सरासरी गतिज ऊर्जा सारखी असते, ही गोष्ट पहिल्यांदा स्पष्टपणे मांडली गेली ती महाराष्ट्रातून. जॉन जेम्स वॉटरस्टन हा एडिंबरोचा अभियंता १८३९ पासून मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारी विद्यार्थ्यांना शिकवत होता. डॅनियल बर्नुलीने १७३८ मध्येच दाब म्हणजे कणांच्या धडका असे म्हटले होते. वॉटरस्टनने तो विचार पुढे नेला. वेगवेगळ्या वायूंच्या मिश्रणात रेणूचे वस्तुमान गुणिले वेगाच्या वर्गाची सरासरी सर्वांसाठी सारखी असते, हे त्याने दाखवले आणि १८४५ मध्ये आपला निबंध मुंबईहून लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठवला. परीक्षकांनी तो निरर्थक ठरवला. निबंध सोसायटीच्या दप्तरात पडून राहिला आणि वॉटरस्टनजवळ त्याची प्रतही नव्हती. पुढे १८५७ मध्ये क्लाउसियसने आणि १८६० मध्ये मॅक्सवेलने हा सिद्धांत उभा केला आणि श्रेय त्यांना मिळाले. १८९१ मध्ये लॉर्ड रॅले यांना तो निबंध दप्तरात सापडला आणि पुढच्या वर्षी त्यांनी तो छापून आणला. वॉटरस्टन १८८३ मध्येच वारला होता. त्याच्या निबंधात चुकाही होत्या, पण मूळ विचार बरोबर होता, आणि परीक्षकांनी नेमका तोच नाकारला.

या सिद्धांताला मर्यादा आहेत. रेणू एकमेकांना ओढत नाहीत आणि त्यांची स्वतःची जागा नगण्य असते, असे त्यात धरलेले असते. टायरमधल्या हवेला हे चालते. स्वयंपाकघरातल्या १४.२ किलोच्या गॅस सिलिंडरला चालत नाही. त्यातले प्रोपेन आणि ब्युटेनचे रेणू दाटीत एकमेकांना इतके ओढतात की बहुतेक गॅस द्रवरूपात असतो. वरच्या मोकळ्या जागेतला वायू शेगडीकडे गेला की तेवढाच द्रव उकळून ती जागा भरतो. त्यामुळे तापमान तेच असेल तर सिलिंडर भरलेला असो वा पाव उरलेला, आतला दाब जवळजवळ सारखाच राहतो आणि शेवटचा द्रव संपल्यावरच तो झपाट्याने उतरतो. सिलिंडरमध्ये किती गॅस उरला आहे हे त्यामुळे दाबावरून ओळखता येत नाही, त्यासाठी सिलिंडर वजन काट्यावरच ठेवावा लागतो.