आलेखाखालचा मजकूर



अध्यक्षीय भाषणात क्षेत्राचा सर्वांगीण आढावा घेण्याची प्रथा आहे. आज ती बाजूला ठेवून मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे. आपण आलेख आणि इन्फोग्राफिक छापतो, ते संकेतस्थळांवर चढवतो; त्यांच्याखाली जो मजकूर असायला हवा आणि बहुतेक वेळा नसतो, त्याविषयी.

आधी आज काय घडते ते पाहू. आलेख तयार होतो, त्याचे चित्र होते, ते पानावर लागते. अंध वाचक स्क्रीन रीडर घेऊन त्या पानावर येतो. ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे चित्राला जोडलेला पर्यायी मजकूर, दिलेलाच नसेल तर त्याला बऱ्याचदा फाइलचे नाव ऐकू येते. दिलेला असेल तर ‘साक्षरतेचा आलेख’ एवढे दोन शब्द. आलेखात काय आहे हे दोन्ही वेळा कळत नाही. शोधयंत्राची गतही फारशी वेगळी नाही. चित्राची ओळख त्याला मुख्यतः पानावरच्या मजकुरातून पटते: पर्यायी मजकूर, चित्राखालची ओळ, आजूबाजूचे परिच्छेद. चित्रात रंगवलेला आकडा या मजकुरात कुठेच नसेल, तर तो आकडा शोधणाऱ्याला आपले पान सापडण्याची आशा धरू नये.

आता एक आलेख हातात घेऊ. विषय आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे: जनगणनेनुसार १९५१ ते २०११ या काळातील भारतातील स्त्री आणि पुरुष साक्षरता. सात जनगणना, दोन रेषा. पुरुषांची रेषा २७.२ टक्क्यांपासून निघून ८०.९ वर पोहोचते, स्त्रियांची ८.९ पासून ६४.६ वर. पाहणाऱ्याला पहिल्या नजरेत काय दिसते? दोन्ही रेषा वर चालल्या आहेत.

याचे वर्णन करायला बसलो की आपल्यापैकी बहुतेकांचा हात रंगांकडे वळतो. ‘निळी रेषा पुरुषांची, गुलाबी स्त्रियांची, पार्श्वभूमी फिकट पिवळी.’ वाचकाला याचा उपयोग नाही. त्याला आधी हवे ते हे: हा कोणत्या प्रकारचा आलेख आहे, आडव्या अक्षावर काय आहे, उभ्या अक्षावर काय आहे, मोजणी कुठून कुठपर्यंत आहे. एक-दोन वाक्यांत हे संपते. मग आकड्यांचा भाग येतो: सर्वांत कमी, सर्वांत जास्त, फरक. त्यानंतर कल: रेषा कुठे वळली, कुठे मंदावली. आणि शेवटी हवा असेल तर संदर्भ, म्हणजे असे का झाले असावे.

अ‍ॅलन लुंडगार्ड आणि अरविंद सत्यनारायण या अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी २०२१ साली आलेखांच्या वर्णनाचे याच चार पातळ्यांत वर्गीकरण केले आणि अंध व डोळस अशा दोन्ही वाचकांना त्यांतले काय उपयोगी वाटते ते विचारले. दोन्ही गटांची उत्तरे बरीच वेगळी निघाली. चौथी पातळी, म्हणजे कारणे आणि पार्श्वभूमी, डोळस वाचकांना आवडली; अंध वाचकांपैकी अनेकांना ती नकोशी वाटली. आकडे आम्हाला द्या, अर्थ आमचा आम्ही लावू, असा त्यामागचा सूर होता. माझ्या मते आपल्या कामासाठी यातली सर्वांत महत्त्वाची शिकवण हीच आहे. वर्णनात लेखकाने आपला निष्कर्ष वाचकाच्या आधी बसवू नये.

आता आपल्या आलेखातले फरक प्रत्यक्ष काढू. १९५१ मध्ये स्त्री-पुरुष साक्षरतेतील अंतर १८.३ अंकांचे होते. १९६१ मध्ये ते २५ वर गेले, १९७१ मध्ये २४ वर आले, १९८१ मध्ये २६.६ झाले. त्यानंतर मात्र ते सतत घटत गेले: १९९१ मध्ये २४.८, २००१ मध्ये २१.६ आणि २०११ मध्ये १६.३. म्हणजे साक्षरता वाढत असतानाच पहिल्या तीस वर्षांत एकूण पाहता स्त्रिया आणखी मागे पडल्या आणि नंतरच्या तीस वर्षांत त्यांनी अंतर कापले. १९८१ ते २०११ या काळात पुरुषांचा दर २४.५ अंकांनी वाढला, स्त्रियांचा ३४.८ अंकांनी. चित्रात हे सहज दिसत नाही. दोन चढत्या रेषांमधले उभे अंतर जोखण्यात डोळा कच्चा असतो, आणि आलेखांच्या अभ्यासकांनी ते दाखवून दिले आहे. वर्णन लिहिताना आपण वजाबाकी केली, म्हणून ते हाती आले. त्याचा फायदा डोळस वाचकालाही होतो.

यापुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. या आलेखाच्या तळाशी बारीक करड्या अक्षरांत एक टीप असते. १९५१, १९६१ आणि १९७१ चे दर पाच वर्षे व त्यापुढील वयाच्या लोकसंख्येवर काढलेले आहेत; १९८१ पासूनचे सात वर्षे व त्यापुढील. शिवाय १९८१ मध्ये आसामात आणि १९९१ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये जनगणना होऊ शकली नव्हती, त्यामुळे त्या वर्षांच्या आकड्यांत ही राज्ये नाहीत. पाच-सहा वर्षांची मुले बहुधा अजून वाचायला शिकलेली नसतात. ती हिशेबातून वगळली की दोन्ही दर वर जातात, आणि त्यांच्यातले अंतरही काहीसे रुंदावू शकते. अंतराचा कळस आपल्याला १९८१ मध्ये दिसला, आणि व्याख्या बदलली तीही त्याच जनगणनेत! म्हणून १९७१ आणि १९८१ यांची थेट तुलना जपून करायला हवी. १९८१ नंतरची घट मात्र एकाच व्याख्येवर मोजलेली आहे, तिच्यावर भरवसा ठेवता येतो. चित्रातली अखंड रेषा या सांध्यावरून गुळगुळीत निघून जाते. वर्णनात ही टीप आली नाही, तर ते वर्णन आलेखाइतकेच अपुरे राहील.

दुसरी अडचण २०११ ची. त्या वर्षीच्या प्राथमिक आकड्यांत एकूण साक्षरता ७४ टक्के होती. अंतिम आकड्यांत ती सुमारे ७३ टक्के झाली. दोन्ही आकडे आजही फिरतात. चित्र कोणत्या आकड्यावर काढले आहे हे चित्र सांगत नाही. वर्णनात ‘अंतिम आकडे’ हे दोन शब्द लिहावे लागतात, आणि ते लिहिण्याआधी आकडे तपासावे लागतात.

हे सर्व लिहायचे कुठे? चित्राच्या `alt` मध्ये फक्त ओळख आणि मुख्य गोष्ट. उदाहरणार्थ: ‘रेषालेख: भारतातील स्त्री-पुरुष साक्षरता, १९५१ ते २०११. दोन्ही दर वाढले. अंतर १९८१ मध्ये सर्वाधिक, नंतर घटते. वर्णन व तक्ता खाली.’ एवढे पुरे. `alt` चा मजकूर सलग ऐकावा लागतो, त्यात परिच्छेद किंवा तक्ता करता येत नाही. सविस्तर वर्णनासाठी १९९७ च्या एचटीएमएल ४ मध्ये `longdesc` नावाची सोय होती. त्यात वर्णनाच्या वेगळ्या पानाचा पत्ता द्यायचा असे. डोळस माणसाला ती सहसा दिसतच नसे. परिणामी तिथे रिकाम्या जागा, चुकीचे पत्ते, चित्राचाच पत्ता असे काहीही साठत गेले. २०१४ च्या एचटीएमएल ५ मध्ये ती राहिली नाही. जे संपादकाला दिसत नाही, ते संपादक तपासत नाही. `aria-describedby` ने मजकूर जोडता येतो, पण स्क्रीन रीडर तो एका दमात सपाट वाचून टाकतो आणि तक्त्याची रचना नाहीशी होते. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: वर्णन पानावर, आलेखाच्या लगेच खाली, सर्वांना दिसेल असे असावे, आणि त्याखाली खरा `<table>`. स्तंभांची व ओळींची शीर्षके `<th>` मध्ये नीट दिली, तर एनव्हीडीए वापरणारा वाचक T दाबून तक्त्यावर येतो, कंट्रोल, ऑल्ट आणि बाणाच्या कळांनी घराघरांतून फिरतो आणि वर्ष बदलले की नवे वर्ष त्याला ऐकू येते. शोधयंत्रालाही तोच तक्ता वाचता येतो.

मराठीत काम करताना दोन गोष्टी जास्तीच्या सांभाळाव्या लागतात. आपल्या अनेक डीटीपी केंद्रांत अजूनही जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये काम होते. तिथून मजकूर उचलून पानावर चिकटवला किंवा तसाच पीडीएफमध्ये गेला, की डोळ्यांना मराठी दिसते, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची निरर्थक माळ असते. ओळखण्याची खूण सोपी आहे: पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये टाकून बघा. दुसरी गोष्ट, पानाची भाषा `lang="mr"` अशी सांगायलाच हवी. देवनागरी हिंदीचीही लिपी असल्यामुळे नुसत्या लिपीवरून यंत्राला भाषा कळत नाही, आणि मराठी आकडे हिंदी उच्चारात वाचले जाण्याची शक्यता राहते.

याला मर्यादा आहेत. जिल्हानिहाय नकाशातल्या छत्तीस जिल्ह्यांचे गद्य वर्णन कोणी ऐकणार नाही. तिथे दोन वाक्यांत मांडणी सांगावी, टोकाचे जिल्हे सांगावे आणि उरलेले काम तक्त्यावर सोपवावे. दहा चिन्हे, पाच बाण आणि तीन आलेख एकत्र कोंबलेल्या इन्फोग्राफिकचे धड वर्णन होत नाही. अशा वेळी दोष बहुधा इन्फोग्राफिकचाच असतो, आणि ते फोडून तीन करणे योग्य.

वर्णन जमले की नाही, याची एक चाचणी मी सुचवते. आलेख न पाहिलेल्या सहकाऱ्याला फोनवर ते वाचून दाखवा आणि कागदावर रेषा काढायला सांगा. त्याच्या दोन रेषा १९८१ नंतर जवळ येत असतील आणि १९७१ पुढे त्याने सांध्याची खूण केली असेल, तर वर्णन छापायला हरकत नाही.

शेवटी एक विनंती, मुख्यतः संपादकांना. हे काम चित्रकाराकडे किंवा संकेतस्थळ सांभाळणाऱ्याकडे ढकलू नका. त्यांच्यापर्यंत टीप पोहोचलेली नसते आणि कोणते आकडे अंतिम हे त्यांना ठाऊक नसते. ज्याने आकडे गोळा केले त्याच्याकडून वर्णन आणि तक्ता आधी लिहून घ्या आणि मगच आलेख काढायला द्या. पुढच्या अंकापासून, पुढच्या अहवालापासून, वर्णन सोबत नसलेला आलेख मांडणीला घेऊ नका.