नंबर व्हायरल झाला तर: आधी पुरावा, मग डिलीट

(बीड जिल्ह्यातील तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वकील नाही. त्यामुळे आज जे सांगणार आहे ते बहुतेक कामाचं आहे: कुठे जायचं, काय जपून ठेवायचं, आधी काय करायचं आणि नंतर काय. विषय एकच आहे. तुमचा फोन नंबर किंवा घराचा पत्ता कोणीतरी मुद्दाम नेटवर टाकला, तर पुढचे दोन-तीन दिवस काय करायचं?

हे आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. ९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. त्या प्रकरणात सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया उघडपणे बोलू लागल्या, बीडला येऊन धरण्यावर बसल्या. त्यानंतर आपला मोबाईल नंबर समाजमाध्यमांवर टाकला गेला, शेकडो फोन आले, अश्लील आणि धमकीची भाषा वापरली गेली, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं आणि पोलिसांकडे तक्रार केली. त्यांचं मत कोणाला पटो वा न पटो, तो आजचा विषय नाही. विषय हा की त्यांचा नंबर आधीही अनेकांकडे होता. कार्यकर्त्याचा असतोच. मग बदललं काय? नंबराच्या आजूबाजूला लिहिलेला मजकूर बदलला. "हिला फोन करा, जाब विचारा" असं लिहून नंबर टाकला की तो नंबर हत्यार होतो. तक्रार करताना हीच गोष्ट सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

आता एक उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे, पण त्यातली प्रत्येक गोष्ट मी वेगवेगळ्या लोकांकडून ऐकलेली आहे. समजा, माजलगावची एक मुलगी आहे. ती घरी शिकवण्या घेते. गावातल्या एका वादावर तिने फेसबुकवर मत लिहिलं. रात्री एका ग्रुपमध्ये तिचा फोटो, नंबर आणि मोहल्ल्याचं नाव आलं. खाली लिहिलेलं: "हिला जरा समजवा." तासाभरात फोन सुरू झाले. हा मजकूर आला कुठून? महिन्याभरापूर्वी घरच्यांनी रिश्त्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिचा बायोडाटा टाकला होता. फोटो, वडिलांचं नाव, पत्ता, नंबर, सगळं एकाच पानावर. हॅकिंग वगैरे काही झालेलं नाही.

अशा वेळी घरात पहिला सल्ला येतो: सिम काढून टाक, नंबर बदल. हे लगेच करू नका. त्या नंबरावर बँकेचा ओटीपी येतो, आधार जोडलेलं असतं. बंद केलेला नंबर कंपनी ९० दिवसांनंतर दुसऱ्याला देऊ शकते. तोवर सगळीकडे नंबर बदलून झाला नसेल तर तुमचे ओटीपी अनोळखी माणसाकडे जातील. शिवाय येणारे फोन हाच तर पुरावा आहे. त्याऐवजी व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये Privacy, मग Calls आणि तिथे Silence unknown callers चालू करा. व्हॉट्सअॅपवरचे अनोळखी फोन वाजणार नाहीत, पण यादीत दिसत राहतील. मनाला शांतता मिळते आणि नोंदही राहते. त्याच बैठकीत व्हॉट्सअॅपला दोन टप्प्यांचा पिन लावा, कारण नंबर पसरला की कोणीतरी त्यावर ओटीपी मागवून खातं पळवायचा प्रयत्न करतो.

दुसरी घाई असते रिपोर्ट करण्याची. थांबा. पोस्ट उडाली की तुमच्याकडे काहीच उरत नाही, आणि टाकणारा म्हणतो, मी असं लिहिलंच नव्हतं. म्हणून पहिली १५ मिनिटं फक्त पुराव्यासाठी. पोस्टच्या वेळेवर बोट ठेवलं की ती पोस्ट स्वतंत्र उघडते, तिची लिंक कॉपी करा. टाकणाऱ्याच्या प्रोफाइलची लिंक वेगळी कॉपी करा, कारण नाव आणि फोटो तो उद्या बदलेल. स्क्रीनशॉट असा घ्या की खात्याचं नाव, तारीख, नंबर आणि भोवतीचा मजकूर एकत्र दिसेल. प्रतिक्रियांचेही घ्या. स्क्रीनशॉट कापू नका, त्यावर बाण काढू नका. मूळ फाइल तशीच स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. फोनची यादीही टिपा: कोणत्या नंबरावरून, किती वाजता, काय बोलला. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, म्हणून ज्या फोनमध्ये हे टिपलं तो फोन विकू नका, फॉरमॅट मारू नका.

आणि एक विनंती मित्रमंडळींना. "बघा, आमच्या बहिणीसोबत काय केलं" असं म्हणत तोच स्क्रीनशॉट स्टेटसला ठेवू नका. चांगल्या मनाने केलेलं असलं तरी त्यात नंबर असतो. ज्याला माहीत नव्हता त्यालाही तो तुम्ही दिला.

पुरावा झाला, आता काढण्याचं काम. हा मजकूर तीन ठिकाणी असतो आणि प्रत्येक ठिकाणचा दरवाजा वेगळा आहे: मूळ पोस्ट, व्हॉट्सअॅपवरच्या प्रती आणि गूगलचा शोध.

मूळ पोस्टवर रिपोर्ट करताना कारण नीट निवडा. लोक रागात "स्पॅम" किंवा "खोटी माहिती" निवडतात. मग तपासणारा स्पॅमच्या नियमाने बघतो आणि उत्तर येतं की नियमभंग नाही. खासगी माहिती किंवा छळ, हे कारण शोधा. शंभर मित्रांनी चुकीचं कारण निवडण्यापेक्षा तुम्ही एकदा बरोबर निवडलेलं बरं. घराचा पत्ता असेल तर तो आधीच कुठेतरी उपलब्ध आहे, ही सबब फेसबुकच्या कंपनीने २०२२ मध्ये स्वतःच्या नियमातून काढायचं ठरवलं.

बटणाने काम झालं नाही तर तक्रार अधिकारी. माहिती तंत्रज्ञान नियम २०२१ प्रमाणे प्रत्येक कंपनीने त्याचं नाव आणि संपर्क आपल्या साइटवर दिलेला असला पाहिजे. त्याच नियमांत दुसऱ्याच्या खासगीपणावर आक्रमण करणारा मजकूर चालणार नाही असं लिहिलं आहे, नियम ३(१)(ब). फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीनंतर अशी तक्रार ३६ तासांच्या पुढे रेंगाळत ठेवता येत नाही. पत्र चार ओळींचं असू द्या: ही लिंक, यात माझा नंबर आणि पत्ता माझ्या परवानगीशिवाय आहे, सोबत हे वाक्य लिहून लोकांना माझ्यावर सोडलं आहे, त्यानंतर मला इतके फोन आले. तक्रार क्रमांक जपा. उत्तर पटलं नाही किंवा आलंच नाही, तर gac.gov.in वर केंद्र सरकारच्या अपील समितीकडे जाता येतं. उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत जायचं, फी नाही, सगळं ऑनलाइन आहे.

व्हॉट्सअॅपचं वेगळं आहे. तिथले मेसेज कंपनीला वाचता येत नाहीत, त्यामुळे "सगळीकडून काढा" असं सांगायला कोणी नसतं. पण ग्रुपचा अॅडमिन दुसऱ्याने टाकलेला मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करू शकतो. म्हणून पहिला फोन अॅडमिनला. आपल्या गावांत अॅडमिन बहुतेक ओळखीचाच निघतो. मेसेज रिपोर्ट केला तर त्याच्यासह शेवटचे काही मेसेज कंपनीकडे जातात. मात्र जो फोटो लोकांच्या गॅलरीत उतरला, तो कोणी परत आणू शकत नाही. ही मर्यादा आधीच मान्य करा, नाहीतर आठवडाभर प्रत्येक ग्रुपच्या मागे धावत बसाल.

तिसरं गूगल. कोणी तुमचं नाव टाकून शोधलं आणि नंबर-पत्ता असलेलं पान वर आलं, तर गूगलकडे वैयक्तिक माहिती काढण्याचा अर्ज करता येतो. त्यात पानाची लिंक, स्क्रीनशॉट आणि कोणते शब्द टाकल्यावर ते पान येतं हे द्यावं लागतं. नंबरासोबत धमकी किंवा छळाला बोलावणं असेल तर ते ठळक सांगा, कारण अशा प्रकाराचा तिथे वेगळा विचार होतो. एक लक्षात ठेवा, गूगल फक्त शोधातून काढतं. पान जिथे आहे तिथे राहतं. उलटही घडतं: पान उडतं, पण गूगलवर जुन्या ओळी दिसत राहतात. त्यासाठी जुना मजकूर ताजा करायला लावण्याची वेगळी सोय आहे, search.google.com/search-console/remove-outdated-content.

आता पोलीस. आपल्या कायद्यात "नंबर टाकणे" असा एक सरळ गुन्हा नाही. म्हणून अर्जात काय लिहिता त्यावर पुढचं सगळं ठरतं. आपल्या मुलीच्या भावाने रागात लिहिलं, "माझ्या बहिणीची बदनामी केली." बदनामी हा अदखलपात्र गुन्हा आहे. एनसीची पावती मिळते आणि तपास तिथेच थांबतो. तोच अर्ज घटना सांगून लिहा. अमुक तारखेला या खात्यावरून नंबर टाकला. त्यानंतर या नंबरावरून अश्लील मेसेज आले, हे स्क्रीनशॉट. नको म्हणून सांगितल्यावरही हा माणूस पुन्हा पुन्हा फोन करतो, ही यादी. आता यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७, भारतीय न्याय संहितेतलं पाठलागाचं कलम ७८ आणि स्त्रीच्या शालीनतेचा अपमान करण्याचं कलम ७९ बसू शकतं. हे दखलपात्र आहेत. धमकी असेल तर कलम ३५१ जोडा. ओळख लपवून दिलेल्या धमकीला त्यात जास्तीची शिक्षा आहे. ७८ आणि ७९ स्त्रियांसाठी आहेत. मुलग्यांच्या बाबतीत मुख्य आधार ६७ आणि ३५१ चा.

अर्ज cybercrime.gov.in वर करता येतो किंवा जवळच्या ठाण्यात. १९३० हा क्रमांक मुख्यतः पैशाच्या फसवणुकीसाठी आहे, तिथे वेळ घालवू नका. "आमच्या हद्दीत नाही" असं सांगितलं तर नम्रपणे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ची आठवण द्या. दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. तरीही घेतली नाही, तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती ठेवा. त्यापुढे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. आणि पोलिसांना लेखी विनंती करा की खात्याची नोंद जपून ठेवायला कंपनीला लवकर कळवा. टाकणाऱ्याने खातं बंद केलं तरी नोंद काही काळ कंपनीकडे असते, कायम नाही.

शेवटी, आज घरी जाऊन करण्याचं काम. आपला दहा आकडी नंबर अवतरणचिन्हात टाकून गूगलवर शोधा. मग एकदा +९१ लावून, एकदा मधे जागा सोडून. जुनी क्लासची जाहिरात, निकालाची पीडीएफ, कुठली तरी यादी सापडेल. ज्यांनी टाकली त्यांना आजच काढायला सांगा, कारण भांडण नसताना लोक सहज ऐकतात. आणि रिश्त्याच्या बायोडाट्यावर मुलीचा नंबर आणि घर क्रमांक नको. शहराचं नाव पुरे, आणि संपर्काला घरातल्या एका मोठ्या माणसाचा नंबर. पत्ता पुढे बोलणं सुरू झाल्यावर देता येतो. नंबर बदलता येतो हो, घर बदलता येत नाही.

प्रश्न असतील तर विचारा. पण कोणाचा नंबर मोठ्याने सांगू नका.