मीटर चुकतोय, की आपण?

परवा मी माझा मल्टिमीटर भंगारात टाकणार होतो. एकाच पाच व्होल्टवर माझा मीटर ५.०१९ दाखवत होता आणि मित्राचा, त्याच मॉडेलचा, ४.९९१. मग मॅन्युअल उघडलं. ६ व्होल्ट डीसी रेंजपुढे लिहिलं होतं: ±(0.5% + 3).

यातले ०.५ टक्के रीडिंगचे, रेंजचे नाहीत. पाच व्होल्टचे ०.५ टक्के म्हणजे ०.०२५. आणि ३ म्हणजे तीन काउंट, स्क्रीनवरच्या शेवटच्या आकड्याच्या तीन पायऱ्या. इथे एक पायरी ०.००१ व्होल्टची, म्हणून ०.००३. बेरीज ०.०२८. म्हणजे ४.९७२ ते ५.०२८ मधलं काहीही चालतं.

पण हे तपासायला खात्रीचे पाच व्होल्ट हवेत. मोबाइलचा चार्जर नको, त्याचं आउटपुट स्वतःच थोडं इकडेतिकडे असतं. मी व्होल्टेज रेफरन्स मॉड्यूल घेतलं, चूक ०.००५ च्या आत. तपासणारी वस्तू मीटरपेक्षा निदान चौपट अचूक असावी. ही चूक धरूनही दोन्ही मीटर पास!

आता याच रेंजवर ०.१ व्होल्ट मोजा. टक्क्यांचा वाटा फक्त ०.०००५, पण तीन काउंट तसेच राहतात. एकूण ०.००३५, म्हणजे रीडिंगच्या साडेतीन टक्के! म्हणून छोटं व्होल्टेज मिलिव्होल्ट रेंजवर मोजा. आणि हो, प्रत्येक रेंज वेगळी तपासा. एकीवर पास झालेला मीटर दुसरीवर नापास होऊ शकतो.