दिव्यांग खेळाडूंची पहिली पायरी

सांगली जिल्ह्यातल्या करगणी गावचे सचिन खिलारी.
शाळेत असताना सायकलवरून पडून त्यांचा डावा हात जायबंदी झाला.
आधी ते भाला फेकत.
खांदा दुखावला, तेव्हा ते गोळाफेकीकडे वळले.
२०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी रौप्यपदक जिंकलं.

श्रोतेहो, त्यांचा गट होता एफ ४६.
एफ म्हणजे मैदानी फेकी.
४६ म्हणजे एका हाताचं अपंगत्व.
सारख्या अडचणीचे खेळाडू एकमेकांशी खेळावेत, म्हणून हे गट.

कोरेगावच्या मुला-मुलींनी सुरुवात कागदांपासून करावी.
शासकीय रुग्णालयात तपासणी होते.
मग दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळतं.

पण नीट ऐका.
प्रमाणपत्र म्हणजे गट नव्हे.
स्पर्धेआधी वर्गीकरण करणारे तज्ज्ञ स्नायूंची ताकद आणि सांध्यांची हालचाल स्वतः तपासतात.
प्रमाणपत्र असूनही काही जण अपात्र ठरतात.
कर्णबधिरांच्या स्पर्धा तर वेगळ्याच असतात.
म्हणून खेळ निवडण्याआधी गटाची चौकशी करावी.

प्रशिक्षणासाठी साताऱ्याच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारावं.
वेगळं मैदान लागतंच असं नाही.
हाताचं अपंगत्व असेल, तर गोळाफेकीचा नेहमीचा प्रशिक्षकही शिकवू शकतो.
बसून फेकणाऱ्याला मात्र जमिनीला घट्ट बांधलेली खुर्ची लागते.
ती हलता कामा नये.

पुढे राज्य स्पर्धा, मग राष्ट्रीय.
राज्य पॅरा संघटनेकडे नावनोंदणी मुदतीआधी करावी.
जाताना मूळ प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड आणि वयाचा दाखला सोबत ठेवावा.