पहिल्या पडद्यावर काय लिहावे?



घरबसल्या मुद्रितशोधन करणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीच्या संकेतस्थळावर वर फुलांचे चित्र व खाली ‘शब्दांची सेवा’ एवढेच होते. काम कोणते, हे फोनचा पडदा दोनदा सरकविल्यावर कळे. गिऱ्हाईक तेवढे थांबत नाही.

आम्ही पहिल्या पडद्यावर लिहिले: ‘संस्थांच्या स्मरणिकांचे मुद्रितशोधन. 64 पाने सहा दिवसांत. प्रत्येक दुरुस्ती खूण करून परत.’ त्याखाली एका परिच्छेदाची आधीची व नंतरची प्रत, संबंधित संस्थेच्या परवानगीने, आणि फोन नंबर.

मग शेजारच्या वहिनींना ते पाच सेकंद दाखवून झाकले व विचारले, “काम कोणते? कोणासाठी? हाती काय पडेल?” त्या म्हणाल्या, “संस्थांना स्मरणिका छापून देतात.” ‘मुद्रित’ या शब्दाने घोटाळा केला होता! म्हणून पहिले वाक्य बदलले: ‘संस्थांच्या स्मरणिकांतील चुका छापण्यापूर्वी काढून देते.’

ही परीक्षा पुन्हा घेताना माणूस नवा हवा. वहिनींना आता उत्तर ठाऊक होते. दुसऱ्या एका बाईंना दाखविले, तेव्हा तिन्ही उत्तरे बरोबर आली. मगच ते पान लोकांपुढे ठेविले.