गरम माप, थंड माप

माझा एक मित्र या महिनाअखेर भिलाईच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त होत आहे. 2005 च्या पावसाळ्यात आमची ओळख झाली, तिला आता वीस वर्षे होऊन गेली. कंपनीचे घर सोडून तो अमरावतीस आपल्या गावी जाणार आहे. निरोपाच्या वेळी त्याच्या हाती दोन शब्द लिहून द्यावेत, असे माझ्या मनात आहे. ते दोन शब्द कोणते असावेत, याचाच विचार आज मी आपल्यासमोर मांडणार आहे.

ज्या गावी आम्ही राहतो ते गावच मुळी मैत्रीच्या नावाने ओळखले जाते. 1955 साली सोव्हिएत संघाशी करार झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या दोन देशांच्या स्नेहाची खूण म्हणून 1972 साली येथे एक मोठा बगीचा उभा राहिला, त्याचे नाव मैत्री बाग. तेथे पांढरे वाघ आहेत. माझा मित्र म्हणतो, ‘‘देशांच्या मैत्रीला बाग लागते, वाघ लागतात. आपल्याला बाप्पा, टपरीवरचं एक बाकडं पुरे!’’

तेव्हा बागेला शोभणारी भाषा येथे कामाची नाही. ‘आपली मैत्री अतूट आहे’, ‘जन्मोजन्मी असाच सखा लाभो’, अशी वाक्ये लिहिणे अवघड नसते. परंतु पत्रावरील नाव खोडून तेथे दुसऱ्या कोणाचेही नाव घातले, तरी ती तितकीच शोभून दिसतात. जे कोणालाही शोभते, ते वीस वर्षांच्या मित्राला कसे पुरावे?

शिवाय माझ्या मित्रापुढे अशा वाक्यांचा टिकाव लागणार नाही. त्याचे आयुष्य रूळ तयार करणाऱ्या विभागात गेले. लाटून निघालेला रूळ लालभडक असतो, त्याचे तापमान नऊशे अंशांच्या आसपास असते. त्या अवस्थेत तो नेमका 13 मीटर कापला, तर थंड झाल्यावर आखडून आखूड भरेल आणि नाकारला जाईल. म्हणून कापतानाच सुमारे 15 सेंटिमीटर जास्त धरावे लागतात. तापलेल्या लोखंडाची लांबी खरी मानायची नाही, हा त्या खात्यातला पहिला धडा. या धड्याचा त्याने व्यवहारातही सर्रास उपयोग केला. कोणी मुलाच्या परीक्षेतील यशाचे वर्णन करू लागला, कोणी निवडणुकीच्या सभेतील गर्दी सांगू लागला, की हा चष्मा कपाळावर सारून शांतपणे विचारी, ‘‘हे गरम माप की थंड?’’ मग सांगणारा स्वतःच हसून आकडा थोडा खाली आणी.

त्याच्या सवयींपैकी दुसरी आठवते ती सायकलच्या घंटीची. आमच्या दोघांच्या पाळ्या फिरत्या आणि बहुधा उलट असत. तो दुपारी सुटे तेव्हा मी कामावर चढे. पुष्कळदा आठवडाच्या आठवडा आमची भेट म्हणजे फाटकाशी दहा मिनिटे, एवढीच. म्हणून त्याने एक पद्धत पाडली. घरावरून जाताना घंटी दोनदा वाजली तर बाहेर यावे; एकदाच वाजली तर थांबायला वेळ नाही, पण सारे ठीक आहे, असे समजावे. मी रात्रपाळी करून झोपलेलो असे त्या दिवशी मात्र घंटी मुळीच वाजत नसे. उठून पाहावे तो फाटकाच्या कडीत वर्तमानपत्र चौघडी करून अडकवलेले! घंटी न वाजवण्यातही काही सांगणे असते, हे मला त्या चौघडीने शिकवले.

तिसरी गोष्ट चहाच्या हिशेबाची. पहिल्या भेटीच्या दिवशी एकाजवळ सुट्टे पैसे नव्हते आणि दुसऱ्याने चहाचे पैसे दिले, एवढे दोघांनाही मान्य आहे. पैसे दिले कोणी, याचा वाद वीस वर्षे चालू आहे. त्याच्या मते एक चहा माझ्याकडे निघतो, माझ्या मते तो त्याच्याकडे. दर खेपेस कोणी तरी पैसे देतो; परंतु तो चालू हिशेब, मूळ बाकी कायमच!

आणि चौथी त्याच्या बोलीची. मी रत्नागिरीकडचा, तो वऱ्हाडातला. पहिल्या वर्षी एका संध्याकाळी त्याने दूरध्वनीवरून सांगितले, ‘‘मी येऊन राहिलो.’’ वऱ्हाडी बोलीत याचा अर्थ ‘मी येत आहे’ इतकाच. माझ्या कोकणी कानांना मात्र पाहुणा मुक्कामाला येऊन राहिला असे ऐकू आले आणि मी घरात पथारी काढायला सांगितली. ती पथारी पाहून तो दारातच हसत बसला. तेव्हापासून तो आला, की पथारी घालू का, हे विचारणे आमच्याकडे ठरून गेले.

आता या गोष्टी पत्रात मांडताना एक पथ्य पाळावे लागते. आपल्याला सांगताना मी त्यांचा खुलासा केला, कारण आपण तेथे नव्हता. त्याला लिहिताना खुलासा करावयाचा नाही. मित्राला समजावून सांगावा लागतो तो विनोद त्या दोघांचा नसतोच. दुसरे पथ्य याहून नाजूक आहे. आमची एक थट्टा तिघांची होती. त्यांतल्या एका माणसाला जाऊन चार वर्षे झाली. ती थट्टा काढण्याचा अधिकार आता त्याचा एकट्याचा. त्याने काढली तर मी हसेन, पण आपण होऊन काढणार नाही. म्हणून ती पत्रात नाही, आणि आपणासही मी ती सांगत नाही.

तिसरे पथ्य पत्र देण्याचे. निरोपसमारंभात हार असतात, शाल-श्रीफळ असते, भाषणे असतात. ती तेथे योग्यच आहेत. हे पत्र तेथे वाचावयाचे नाही. दुर्गहून बडनेऱ्यास जाणाऱ्या गाडीसाठी त्याचा डबा आमच्या घरून जाणार आहे. त्याच डब्याच्या पिशवीत ते राहील. गाडी राजनांदगाव सोडील, भूक लागेल, तेव्हा ते हाती येईल.

पत्र मी असे लिहिले आहे:

‘‘सप्रेम नमस्कार.

वीस वर्षे झाली. हे थंड माप आहे, तपासून घे.

तुझी सायकल तू शेजारच्या मुलाला दिलीस, ते बरे केलेस. त्याला दोन घंट्यांचा अर्थ सांगितलेला नाही, त्यामुळे काल मी विनाकारण दोनदा बाहेर आलो. वर्तमानपत्र यापुढे मी स्वतःच चौघडी करीन. तुझ्याइतके सरळ जमत नाही.

तिकडे नव्या शेजाऱ्यांना एकदम मापाचे विचारू नकोस, थोडे दिवस जाऊ दे. गोळ्या वेळेवर घे. डब्यातली चटणी तुझ्या तोंडाची आहे, म्हणजे आमच्यापैकी कोणालाही खाता आली नाही.

पथारी माळ्यावर टाकलेली नाही, हाताशीच ठेवली आहे. दिवाळीनंतर केव्हाही दूरध्वनी कर आणि तुझ्या भाषेत सांग, येऊन राहिलो. या खेपेस मी त्याचा माझ्या भाषेतला अर्थ धरणार आहे.

एक चहा तुझ्याकडे बाकी.’’